आजाऱ्याच्या घरचे वचनवाचन व आशीर्वाद

ख्रिस्ती मंडळीतील एखादा सभासद वार्धक्यामुळे अंथरुणाला खिळला, उपासनेला येऊ शकेनासा झाला, की पाळक, वडीलजन किंवा इतर सभासद त्याच्या घरी जाऊन पवित्र शास्त्रातील लहानसा उतारा वाचतात, प्रार्थना करतात आणि आशीर्वाद देऊन निघतात. ही भेट प्रभुभोजन किंवा तैलाभ्यंग यांच्या जोडीने होते, तशी त्यांच्याशिवायही होते. येथे मुख्यतः वाचन व आशीर्वाद यांचाच विचार केला आहे.

प्रथेचे मूळ सामान्यतः याकोबाच्या पत्रात (५:१४-१५) शोधतात. तेथे दुखणाइताने मंडळीच्या वडिलांना बोलावावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असे सांगितले आहे. यातील ‘वडील’ हा शब्द वादग्रस्त ठरला. मूळ ग्रीक ‘प्रेस्बुतेरोस’ म्हणजे शब्दशः वयाने मोठा. पण त्रेंतच्या धर्मपरिषदेने १५५१ मध्ये येथे वयोवृद्ध नव्हे, तर दीक्षित धर्मगुरूच अभिप्रेत असल्याचा निर्णय दिला. त्याआधी, ४१६ मधील पत्रात पोप पहिले इनोसंट यांनी बिशपने पवित्र केलेले तेल सर्वच ख्रिस्ती जनांनी वापरण्यास मुभा दिली होती. मध्ययुगात हा अभ्यंग हळूहळू मरणशय्येपुरता उरला आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये त्याला पुन्हा आजाऱ्यांचा अभ्यंग म्हणणे पसंत केले. वाचन व आशीर्वाद मात्र या वादाच्या फारसे कक्षेत आले नाहीत. नुसत्या भेटीला ‘मी आजारी होतो आणि तुम्ही माझ्या समाचाराला आलात’ हे मत्तय २५:३६ मधील येशूचे वचन एवढा आधार पुरतो.

यहुदी परंपरेतील रुग्णभेटीचा वारसाही यामागे असावा. तालमूदच्या नेदारीम या प्रकरणात (३९-४०) भेटीला येणारा दुखण्याचा साठावा हिस्सा घेऊन जातो, असे म्हटले आहे. रुग्णाच्या उशाशी ईश्वराचे सान्निध्य असते, म्हणून भेटणाऱ्याने पलंगावर वा उंच आसनावर न बसता खाली बसावे, असाही नियम तेथे येतो. कारण धार्मिक असले तरी परिणाम व्यावहारिक आहे: बोलणाऱ्याचा चेहरा निजलेल्याच्या डोळ्यांच्या पातळीजवळ येतो.

इंग्लंडच्या सामान्य प्रार्थनापुस्तकात (१५४९) आजाऱ्याच्या भेटीचा स्वतंत्र विधी आहे. ‘या घराला शांती असो’ या अभिवादनाने तो सुरू होतो (लूक १०:५). त्यातील अभ्यंग १५५२ मध्ये गळला. १६६२ च्या आवृत्तीत शेवटी ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो’ असा सुरू होणारा, अहरोन याजकाच्या नावाने ओळखला जाणारा अहरोनी आशीर्वाद येतो. दुखणे ही देवाने दिलेली शिस्त आहे, असा जो लांब उपदेश त्या विधीत आहे, तो आज क्वचितच कोणी पुरा वाचतो. वर्षानुवर्षे निजून असलेल्या माणसापुढे तो वाचू नये, हेच बरे. त्याच विधीतले ७१ वे स्तोत्र मात्र टिकले, कारण ‘वृद्धापकाळी मला टाकू नकोस’ ही त्यातील विनवणी म्हाताऱ्या माणसाच्या स्वतःच्या तोंडची आहे.

उतारा निवडताना नेहमीचा कल २३ व्या स्तोत्राकडे असतो. सहा ओव्यांचे हे स्तोत्र सावकाश वाचले तरी साधारण एक-दीड मिनिटात संपते आणि पुष्कळांना पाठ असते. प्रस्तुत प्रसंगी यशया ४६:३-४ अधिक नेमके आहे. त्या अध्यायाच्या आरंभी बाबेलच्या बेल व नबो या मूर्ती थकलेल्या जनावरांच्या पाठीवर लादलेल्या दिसतात. त्याच्या उलट, देव आपल्या लोकांना गर्भापासून केस पिकेपर्यंत स्वतः वाहून नेतो. ज्याला कूस बदलायलाही दुसऱ्याचे हात लागतात, त्याला या उताऱ्यातले ‘वाहणे’ समजावून सांगावे लागत नाही.

समारोपाचा अहरोनी आशीर्वाद (गणना ६:२४-२६) हा या भेटीचा सर्वांत जुना घटक होय. मूळ हिब्रूत त्याच्या तीन ओळींत अनुक्रमे ३, ५ व ७ शब्द आहेत. संरक्षण, कृपा आणि शेवटी शांती असा तो वाढत जातो. जेरुसलेमजवळील केतेफ हिन्नोम येथील थडग्यात १९७९ मध्ये गाब्रिएल बार्काय यांच्या उत्खननात चांदीच्या पत्र्याच्या दोन बारीक गुंडाळ्या सापडल्या. दोन्हींवर या आशीर्वादाशी जुळणारा मजकूर कोरलेला आहे. काही अभ्यासकांनी त्यांचा काळ बराच अलीकडे, सिकंदरानंतरच्या हेलेनिस्टिक युगात ओढला. परंतु २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या छायाचित्रणाधारित वाचनानंतर इ. स. पू. सातव्या शतकाची अखेर ते सहाव्याचा आरंभ हा अंदाज अधिक ग्राह्य वाटतो. लहान गुंडाळीवर दुसरी व तिसरी ओळ एकत्र होऊन आशीर्वाद आखूड झाला आहे: मुखाचा प्रकाश पडो आणि शांती मिळो. हा संक्षेप आहे की जुना पाठ, यावर एकमत नाही. काही झाले तरी, ग्लानीत असलेल्या वृद्धापाशी आशीर्वाद आखडता घेणारा पाळक परंपरेबाहेर जात नाही.

हा आशीर्वाद कोणी उच्चारावा? मूळ वचन अहरोन व त्याच्या मुलांना उद्देशून आहे, म्हणून यहुदी उपासनेत तो याजकवंशाकडे राहिला. ल्यूथरने १५२३ च्या आपल्या उपासनाक्रमात समारोपासाठी तो सुचवला आणि प्रोटेस्टंट मंडळ्यांत तो रुळला. अदीक्षित सभासद पुष्कळ ठिकाणी ‘तुला’ऐवजी ‘आपल्याला’ म्हणून स्वतःलाही त्यात सामावून घेतात.

मराठीत आणखी एक पेच पडतो. हिब्रूत सर्वनाम एकवचनी, पुल्लिंगी आहे. मराठी ‘तुला’मध्ये लिंग उरत नाही, पण एकेरीपणा उरतो. ऐंशीच्या घरातल्या बाईंना तरुण पाळकाने ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो’ म्हणताना जीभ अडखळते, म्हणून कोणी ‘तुम्हांला’ म्हणतात. प्रस्तुत लेखकाला ‘तुला’ ठेवणे योग्य वाटते. कानांत बसलेले रूप तेच आहे, आणि त्याआधी नाव व नाते जोडून हाक मारली की अनादराचा प्रश्न राहत नाही.

प्रत्यक्ष क्रम एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. खुब्याचे हाड मोडल्यापासून निजून असलेल्या, एका कानाने कमी ऐकणाऱ्या आजी. भेटीला गेलेला बऱ्या कानाच्या बाजूला, तोंडावर उजेड येईल असा बसतो. खिडकी पाठीशी घेतली तर त्याचे ओठ दिसत नाहीत. वयोमानाच्या बहिरेपणात आधी उंच स्वर हरवतात, म्हणून ओरडण्यापेक्षा खालच्या पट्टीत, सावकाश वाचलेले जास्त पोहोचते. शांतीचे अभिवादन, यशयातील दोन ओव्या, थोडी स्तब्धता, मग प्रभूची प्रार्थना. स्मृतिभ्रंशातही पाठांतरातले शब्द पुष्कळदा उशिरापर्यंत टिकतात. आजींचे ओठ हलू लागले की वाचणाऱ्याने वेग त्यांच्यावर सोपवावा, आणि नव्या भाषांतरापेक्षा त्यांच्या जुन्या पोथीतला पाठ घ्यावा. हात ठेवण्याआधी विचारावे. डोक्यावर ठेवलेल्या हाताचे वजन उशीवरच्या मानेला जाणवते, तेव्हा तळहात टेकवण्यापुरताच असावा किंवा त्यांचा हात हाती घ्यावा. सारे मिळून सात-आठ मिनिटे होतात. भुवया आक्रसल्या, मान वळली किंवा श्वास भरभर होऊ लागला, तर प्रार्थना गाळून थेट आशीर्वादावर यावे.

भेटीत प्रभुभोजनही द्यायचे असेल, तर गिळता येते की नाही हे घरच्यांना आधी विचारतात. घास उतरत नसल्यास कॅथलिक प्रथेनुसार केवळ द्राक्षारसाचा थेंब देता येतो.