‘पाचवा सीझन कोणी जिंकला?’ : सीमाभागातल्या एका वादाची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीकडच्या मराठी घरांत दूरचित्रवाणीवर मराठी, कन्नड आणि हिंदी अशा तिन्ही वाहिन्या दिसतात, आणि अनेक घरांत त्या आलटून पालटून पाहिल्याही जातात. त्यामुळे ‘बिग बॉसचा पाचवा सीझन कोणी जिंकला?’ हा पुण्यात किंवा बेंगळुरूत सरळ वाटणारा प्रश्न इथे भांडणाला निमित्त होतो. मराठीचा पाचवा सीझन सूरज चव्हाणने जिंकला, कन्नडचा चंदन शेट्टीने आणि हिंदीचा जुही परमारने. तिघांपैकी कोणाचेही नाव घेणारा माणूस बरोबरच असतो, फक्त तो वेगळ्या कार्यक्रमाविषयी बोलत असतो. वाद कसा मिटवायचा हे कळण्यासाठी हे तीन कार्यक्रम कुठून आले आणि त्यांचे नियम कसे घडले ते आधी पाहावे लागते.

स्पर्धकांना एकेक करून बाहेर काढण्याची पद्धत स्वीडनमध्ये 1997 साली आलेल्या ‘एक्सपिडिशन रॉबिन्सन’ने रुळवली. तिथे बाहेर कोणी जायचे हे स्पर्धकच आपसांत मतदान करून ठरवत. दोन वर्षांनी, 1999 मध्ये, नेदरलँड्समध्ये ‘बिग ब्रदर’ सुरू झाले आणि हा अधिकार दोन भागांत वाटला गेला: एका घरात कोंडलेल्या स्पर्धकांनी नावे सुचवायची आणि त्या नावांतून निवड प्रेक्षकांनी करायची. अमेरिकेने 2001 च्या दुसऱ्या पर्वापासून प्रेक्षकांचे मत जवळजवळ काढून टाकले व निर्णय पुन्हा घरातल्यांकडे दिला. भारताने मात्र डच नमुना उचलला. हिंदी ‘बिग बॉस’ 2006 मध्ये आले, कन्नड आवृत्ती 2013 मध्ये आणि मराठी 2018 मध्ये. प्रत्येक भाषेने सीझनची मोजणी एकपासून सुरू केली, आणि सीमाभागातल्या गोंधळाचे मूळ तिथेच आहे.

भारतीय आवृत्तीत आणखी एक फरक आहे, ज्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. सुरुवातीच्या युरोपीय पर्वांत प्रेक्षक ‘याला बाहेर काढा’ म्हणून मत देत, आपल्याकडे ‘याला वाचवा’ म्हणून मत दिले जाते आणि ज्याला सर्वांत कमी मते पडतात तो जातो. बाहेर काढण्याच्या मतदानात ज्याच्यावर लोकांचा राग असतो तो लवकर जातो. वाचवण्याच्या मतदानात रागाला मोजण्याची जागाच नसते. मूठभर का होईना, पण पक्के चाहते असलेला स्पर्धक टिकतो आणि कोणाच्याच अध्यात मध्यात नसलेला सज्जन स्पर्धक हमखास गळतो. ‘सगळे त्याच्या विरोधात होते, मग तो शेवटपर्यंत कसा पोचला?’ या तक्रारीचे उत्तर बहुतेक वेळा घोटाळ्यात नसून या नियमात सापडते.

मराठीचा पाचवा सीझन या दृष्टीने नीट पाहण्यासारखा आहे, कारण इचलकरंजीचे धनंजय पोवार त्यात असल्याने निपाणी-चिकोडी पट्ट्यातही त्याविषयी आपुलकी होती. तो 28 जुलै 2024 रोजी सुरू झाला आणि शंभर दिवसांऐवजी सत्तर दिवसांत, 6 ऑक्टोबरला संपला. त्या सीझनमधून आर्या जाधव बाहेर गेली ती मतांनी नव्हे. निक्की तांबोळीवर हात उचलल्याबद्दल तिला घराबाहेर काढण्यात आले. वाइल्ड कार्डने आलेले संग्राम चौगुले दुखापतीमुळे बाहेर पडले. अंतिम सोहळ्यात जान्हवी किल्लेकरने पैशांची बॅग स्वीकारून सहाव्या क्रमांकावर माघार घेतली. म्हणजे एकाच सीझनमध्ये मतांनी जाणे, शिक्षा म्हणून जाणे, प्रकृतीमुळे जाणे आणि पैसे घेऊन स्वतःहून जाणे असे चारही प्रकार झाले, आणि लोक मात्र सगळ्यांना सरसकट ‘एलिमिनेट झाला’ म्हणतात. ‘आर्याला लोकांनी हरवले’ हे विधान त्यामुळे चूक ठरते, कारण त्या निर्णयात लोकांची मते मोजलीच गेली नव्हती. पुढचा क्रम सांगायचा तर अंकिता वालावलकर पाचवी, धनंजय पोवार चौथे, निक्की तिसरी, अभिजीत सावंत उपविजेता आणि सूरज चव्हाण विजेता. अभिजीतच्या नावावरून होणारा घोळ वेगळाच आहे: तो 2005 मध्ये ‘इंडियन आयडॉल’चा पहिला विजेता ठरला होता, म्हणून ‘तो जिंकला होता’ ही आठवण खरी असते, फक्त ती चुकीच्या कार्यक्रमाला चिकटवली जाते.

सीझनचा क्रमांक सोडून वर्षावरून बोलावे, तर तेही सुरक्षित नाही. 28 जानेवारी 2024 रोजी कन्नडचा दहावा सीझन संपला आणि कार्तिक महेश जिंकला. ऑक्टोबरमध्ये मराठीचा पाचवा संपला. दरम्यान 29 सप्टेंबरला कन्नडचा अकरावा सुरू झाला होता, तो 26 जानेवारी 2025 रोजी हावेरी जिल्ह्यातल्या हनुमंत लमाणीच्या विजयाने संपला. ‘2024 चा विजेता’ म्हणून या तिघांचीही नावे ऐकू येतात. मराठीच्या चौथ्या सीझनचेही तसेच झाले: तो ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाला आणि अक्षय केळकरने तो 8 जानेवारी 2023 रोजी जिंकला. म्हणून माझ्या मते भाषा, क्रमांक आणि अंतिम सोहळ्याची तारीख या तिन्ही गोष्टी याच क्रमाने ठरल्याशिवाय पैज लावू नये. सुरुवातीची तारीख धरणाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

मतांच्या आकड्यांनी मात्र काहीच सिद्ध होत नाही. कन्नडच्या अकराव्या सीझनच्या सोहळ्यात हनुमंतला पाच कोटींहून अधिक मते पडल्याचे सूत्रसंचालक सुदीपने जाहीर केले. 2011 च्या जनगणनेनुसार कर्नाटकाची एकूण लोकसंख्या सुमारे 6.11 कोटी होती. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कळते की मते म्हणजे माणसे नव्हेत. एका प्रेक्षकाला ॲपवरून अनेक मते देता येतात. ‘आमच्या गल्लीत सगळे दुसऱ्यालाच मत देत होते’ या पुराव्याचे वजन त्यामुळे फारच कमी. सोहळ्यापूर्वी समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या चाचण्यांचीही तीच गत आहे. वर्षभराने लोकांना चाचणीतला पहिला क्रमांकच निकाल म्हणून आठवतो.

निर्णायक पुरावा म्हणजे वाहिनीने स्वतः प्रसारित केलेल्या अंतिम सोहळ्यातला तो भाग, ज्यात सूत्रसंचालक विजेत्याचा हात वर करतो. तो हाताशी नसेल तर त्या दिवसानंतरचे वृत्तपत्र पाहावे, पण तारीख डोळसपणे निवडावी. सोहळे बहुधा रविवारी रात्री उशिरापर्यंत चालतात, आणि तालुक्याला जाणारी आवृत्ती त्याआधीच छापून झालेली असू शकते. तेव्हा सोमवारच्या अंकात निकाल नसेल तर मंगळवारचा काढावा. हनुमंतच्या विजयाची बातमी शोधणाऱ्याला तर आणखी एक अडचण येते: 26 जानेवारीला बहुतेक वृत्तपत्रांना सुट्टी असते आणि 27 तारखेचा अंकच निघत नाही, म्हणून ती बातमी 28 जानेवारी 2025 च्या अंकात पाहावी लागते.

एक प्रकरण तेवढे या कसोटीलाही सहज जुमानत नाही. 2022 मध्ये कन्नडमध्ये आधी ओटीटीवर वेगळा सीझन झाला आणि त्यातले चार स्पर्धक थेट दूरचित्रवाणीच्या नवव्या सीझनमध्ये नेण्यात आले. नववा सीझन रूपेश शेट्टीने जिंकला आणि उपविजेता राकेश अडिगाही त्या चौघांपैकीच होता. ओटीटीचा सीझन क्रमांकात धरला जात नाही. तो धरला तर दहावा सीझन अकरावा होतो आणि पुढचे सगळे क्रमांक एकाने सरकतात.