वेल्टआनशाउंग आणि त्साइटगाइस्ट: पाहणारा कोण आणि काळ कोणता

जानेवारी १९०६ मध्ये जर्मनीतील येना या विद्यापीठाच्या गावी ‘जर्मन मोनिस्ट संघ’, म्हणजे एकतत्त्ववाद्यांचा संघ, स्थापन झाला. त्याचे मानद अध्यक्ष होते प्राणिशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल. डार्विनचा सिद्धांत जर्मनीत घरोघरी पोहोचवणारे म्हणून ते ओळखले जात आणि १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे विश्वाच्या कोड्यांवरचे पुस्तक प्रचंड खपत होते. जड आणि चैतन्य ही दोन वेगळी तत्त्वे नाहीत, देहाबाहेर उरणारा अमर आत्मा नाही आणि जगाबाहेर बसून जग चालवणारा ईश्वरही नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी एबरहार्ड डेनर्ट या निसर्गविज्ञानाच्या अभ्यासकाने विरोधात ‘केप्लर संघ’ उभा केला. ग्रहगतीचे नियम शोधणारा केप्लर श्रद्धावान ख्रिस्ती होता, ही आठवण त्या नावातच होती. निसर्गविज्ञान शिकावे आणि शिकवावे, पण त्यातून निरीश्वरवाद आपोआप निघतो हे मानू नये, अशी या संघाची भूमिका होती.

या दोन संघांच्या भांडणाविषयी लिहू लागले की दोन जर्मन शब्द हटकून पुढे येतात: वेल्टआनशाउंग आणि त्साइटगाइस्ट. दोन्ही ‘माणसे जगाकडे कशी पाहतात’ याबद्दल बोलतात, म्हणून पुष्कळदा एकाच्या जागी दुसरा वापरला जातो. ‘त्या काळाची वेल्टआनशाउंग’ किंवा ‘त्या लेखकाचा त्साइटगाइस्ट’ असे प्रयोग माझ्या वाचनात अनेकदा आले आहेत. पहिला ओढूनताणून चालेल, दुसरा मात्र सरळ चूक आहे. का, ते या शब्दांच्या घडणीतूनच दिसते.

‘वेल्ट’ म्हणजे जग आणि ‘आनशाउंग’ म्हणजे पाहणे, प्रत्यक्ष दर्शन. पाहणे म्हटले की पाहणारा आला. म्हणून जर्मनमध्ये वेल्टआनशाउंग कोणाची तरी असते, ती एखाद्याजवळ असते किंवा नसते, तिचे अनेकवचन सहज होते आणि ती बदलताही येते. ‘त्साइट’ म्हणजे काळ आणि ‘गाइस्ट’ म्हणजे चैतन्य, आत्मा, मन. या शब्दात पाहणाऱ्याला जागाच नाही. जे काही आहे ते काळाचे आहे. त्साइटगाइस्टच्या बरोबर जाता येते, त्याच्या विरुद्ध उभे राहता येते, त्याच्या मागे धावणाऱ्यांची थट्टाही जर्मन माणूस करतो, पण ‘माझा त्साइटगाइस्ट’ असे कोणी म्हणत नाही.

वेल्टआनशाउंग हा शब्द कांट यांच्या १७९० मधील निर्णयशक्तीवरच्या ग्रंथात ओघात येऊन जातो आणि तिथे त्याचा अर्थ आजच्यापेक्षा फार साधा आहे. अनंताची कल्पना मन कशी करते याची चर्चा चालू असताना, इंद्रियांना जसे दिसते तसे जग, एवढाच त्याचा रोख आहे. मते, मूल्ये, श्रद्धा यांचा तिथे संबंध नाही. पुढच्या पिढीतल्या तत्त्वज्ञांच्या हाती तो शब्द गेला आणि ‘दिसणे’ मागे पडून ‘अर्थ लावणे’ पुढे आले. त्याला नीट बांधीव रूप दिले जर्मन तत्त्वज्ञ विल्हेल्म डिल्थाय यांनी, १९११ मध्ये, म्हणजे वरचे दोन्ही संघ जोरात असतानाच.

डिल्थाय यांच्या मते वेल्टआनशाउंग म्हणजे सुटे मत नव्हे. तिच्या तळाशी जगाचे एक चित्र असते: जग कशाचे बनले आहे आणि ते कसे चालते. त्यावर जीवनाचे मोल ठरते: काय महत्त्वाचे, काय क्षुल्लक. आणि त्यावर आचरणाचा आदर्श उभा राहतो. हेकेल यांच्याबाबतीत हे तिन्ही थर डोळ्यांना दिसतात. जग एकाच तत्त्वाचे आहे, हे चित्र. निसर्गातले सत्य, सौंदर्य आणि चांगुलपणा हेच पूज्य, हे मोल. त्यानुसार चर्चचा आधार न घेता जगणे, हा आदर्श. १९११ मध्ये संघाचे अध्यक्ष झालेले रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड, ज्यांना १९०९ चे नोबेल मिळाले होते, ते तर ‘मोनिस्ट रविवार-प्रवचने’ लिहीत. धर्म नाकारणाऱ्यांनी प्रवचनाचा साचा मात्र जसाच्या तसा ठेवावा यात गंमत आहे खरी, पण वेल्टआनशाउंगला माणसाच्या आयुष्यात धर्माएवढीच जागा लागते, हेही त्यातून कळते.

डिल्थाय यांनी या दृष्टींचे तीन मूळ प्रकार सांगितले. पहिला निसर्गवाद, ज्यात माणूस निसर्गाच्या यंत्रणेचा भाग ठरतो. दुसरा स्वातंत्र्याचा आदर्शवाद, ज्यात मन निसर्गापासून मोकळे आणि त्याच्यावर उभे असते. तिसरा वस्तुनिष्ठ आदर्शवाद, ज्यात सारे विश्वच एका जिवंत ऐक्यासारखे दिसते. इथे दोन शब्दांमधला खरा फरक हाती लागतो. डिल्थाय यांचे प्रकार काळाला जुमानत नाहीत. ग्रीक एपिक्युरस आणि सतराव्या शतकातला इंग्रज हॉब्स हे पहिल्या प्रकारात शेजारी बसतात, तर प्लेटो आणि कांट दुसऱ्या. हेकेल स्वतः आपले नाते तत्त्वज्ञ स्पिनोझा आणि कवी गटे यांच्याशी सांगत, म्हणजे अनुक्रमे दोनशे आणि शंभर वर्षे मागे. वेल्टआनशाउंग अशी इतिहासाला उभा छेद देते.

त्साइटगाइस्ट आडवा छेद देतो. लॅटिनमध्ये ‘शतकाचे चैतन्य’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग आधीपासून होता आणि क्लोट्झ या विद्वानाने त्याच नावाने लेखन केले होते. त्यावर टीका करताना जर्मन विचारवंत हर्डर यांनी १७६९ मध्ये जर्मन शब्द वापरात आणला. हेगेल यांच्या नावावर हा शब्द नेहमी खपवला जातो, पण ते ‘काळाचे चैतन्य’ अशी फोड करून लिहीत. दावा मात्र त्यांनीच सर्वांत जोरकसपणे मांडला: प्रत्येक जण आपल्या काळाचे अपत्य असतो आणि तत्त्वज्ञान म्हणजे आपला काळ विचारांत पकडणे. या दाव्याप्रमाणे हेकेल यांचे जवळचे नातलग स्पिनोझा नव्हेत. ते आहेत त्यांचे समकालीन, आणि त्यात त्यांचा वैरी डेनर्टही आला.

हे ऐकायला विपरीत वाटते, पण १९०८ मधले प्रकरण पाहावे. केप्लर संघाच्या बाजूने आर्नोल्ड ब्रास या प्राणिशास्त्रज्ञाने आरोप केला की हेकेल यांनी भ्रूणांच्या चित्रांत फेरफार केले आहेत. माणसाचे आणि इतर प्राण्यांचे भ्रूण सारखे दिसावेत म्हणून रेषा हव्या तशा वळवल्या आहेत. हेकेल यांनी उत्तर दिले की काही चित्रे आकृतीवजा आहेत, पाठ्यपुस्तकांत सगळेच तशी काढतात. १९०९ मध्ये चाळीसहून अधिक शरीररचनाशास्त्रज्ञ आणि प्राणिशास्त्रज्ञांनी निवेदन काढले: अशी चित्रे काढण्याची पद्धत आम्हाला पसंत नाही, पण ब्रास आणि केप्लर संघ यांची हेकेलविरोधी मोहीमही आम्हाला मान्य नाही.

या वादात कोण काय मानत होता, हे वेल्टआनशाउंग सांगते, आणि तिथे दोन्ही बाजू एकमेकींच्या विरुद्ध टोकांना आहेत. पण वाद कशावरून पेटला ते पाहा: भ्रूणाच्या चित्रातली रेष अचूक आहे की नाही यावरून. ईश्वर आहे की नाही, आत्मा आहे की नाही, या झगड्यात धर्माच्या बाजूच्या माणसांनीही शास्त्रवचन पुढे केले नाही; त्यांनी प्राणिशास्त्रज्ञ पुढे केला. निवाडा निसर्गविज्ञानाच्या दरबारात व्हायचा, हे दोघांनी न बोलता गृहीत धरले होते. संघ काढायचा, जाहीर व्याख्याने द्यायची, सर्वसामान्य वाचकांसाठी पत्रके छापायची, ही रीतही दोघांची एकच. त्साइटगाइस्ट हे नाव शोभते ते याला. माझ्या मते हाच या शब्दाचा सर्वांत टिकाऊ अर्थ आहे: काळ माणसांना एक उत्तर देत नाही, एक प्रश्न देतो आणि उत्तर कुठे शोधायचे ती जागा देतो. उत्तरे मग ज्याच्या त्याच्या वेल्टआनशाउंगप्रमाणे वेगळी निघतात.

असे न धरता ‘त्या काळी सगळे असाच विचार करत’ एवढाच अर्थ घेतला की शब्द पोकळ होतो. मग काही पुस्तकांवरून काळाचे चैतन्य ठरवायचे आणि त्याच चैतन्याने ती पुस्तके का लिहिली गेली हे समजावायचे, असा फेरा सुरू होतो. गटे यांनी हे फार लवकर ओळखले. १८०८ मध्ये छापलेल्या ‘फाउस्ट’च्या पहिल्या भागात फाउस्ट आपल्या मदतनिसाला सुनावतो की तुम्ही ज्याला काळांचे चैतन्य म्हणता ते मुळात त्या पंडितांचे स्वतःचेच मन असते, ज्यात काळ प्रतिबिंबित होतात. खरे-खोटे पारखण्याचा मार्ग एकच: त्या काळातले विरोधक शोधायचे. ते आणि ते ज्यांना विरोध करत होते ती मंडळी काही समान गोष्ट गृहीत धरताना सापडली, तर त्साइटगाइस्टबद्दल बोलायला आधार आहे. नाही सापडली, तर आपण बहुधा एका गटाची वेल्टआनशाउंग साऱ्या काळाच्या माथी मारत आहोत.

वेल्टआनशाउंगचा धोका उलटा आहे. तिला सगळे प्रश्न एकाच किल्लीने उघडायचे असतात. फ्रॉइड यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात याच कारणासाठी मनोविश्लेषणाला स्वतःची वेगळी वेल्टआनशाउंग नको म्हटले. त्याच वर्षी सत्तेवर आलेल्या नाझींनी हा शब्द इतका राबवला की पुढे बराच काळ तो कानाला खुपत राहिला. मोनिस्ट संघही त्याच वर्षी बंद पडला.

तरीही जर्मन कायद्यात हा शब्द टिकून आहे. १९४९ च्या जर्मन संविधानाचे चौथे कलम धर्माच्या स्वातंत्र्याबरोबरच वेल्टआनशाउंग बाळगण्याचे आणि जाहीर करण्याचे स्वातंत्र्य देते, आणि २००६ च्या समान वागणुकीच्या कायद्यात ज्या कारणांवरून भेदभाव करता येत नाही त्यांत तिचे नाव आहे. ती कोणाची तरी असते म्हणूनच तिला हक्क चिकटवता येतो.

मराठीत वेल्टआनशाउंगसाठी ‘जीवनदृष्टी’ हा शब्द चांगला बसतो. ‘दर्शन’ व्युत्पत्तीने आणखी जवळचा आहे, पण त्याने लगेच न्याय, सांख्य, वेदान्त डोळ्यांपुढे येतात. त्साइटगाइस्टसाठी ‘युगधर्म’ वापरणाऱ्यांनी जरा थांबावे. युगधर्मात कर्तव्याची आज्ञा आहे, त्या युगात काय करावे ते तो सांगतो. जर्मन शब्द काय करावे याबद्दल काहीच बोलत नाही. त्यापेक्षा ‘त्या काळी वारेच तसे होते’ हे आपले रोजचे वाक्य मूळ अर्थाच्या फार जवळ जाते. हेकेल आणि डेनर्ट यांच्या जीवनदृष्टी वेगळ्या होत्या आणि वारे दोघांच्याही अंगावर तेच वाहत होते, असे मराठीत लिहिले तर जर्मन शब्दांची गरजही उरत नाही.