टॉलरन्स लिहिलेलं नाही, म्हणजे काय?

दिवाळीच्या आधी आमच्या वर्कशॉपमध्ये जिनिंगवाल्यांची घाई सुरू होते. कापूस यायच्या आत कन्वेअरचे रोलर, शाफ्ट, पुली सगळं जागेवर लागतं. आर्वीकडच्या एका जिनिंगमधून फोनवर शाफ्टच्या ड्रॉइंगचा फोटो आला. दोन टोकांना ३० मिमी व्यासाच्या बेअरिंगच्या बैठका, त्यांच्यापुढे k6 ही बारीक मुभेची खूण लिहिलेली. मधला जाड भाग ४० मिमी व्यासाचा. डावं टोक २० लांब, दोन खांद्यांमधलं, म्हणजे जाड भागाच्या दोन कडांमधलं अंतर ३८०, एकूण लांबी ४२०. बैठका सोडल्या तर एकाही मापाला प्लस-मायनस, म्हणजे किती कमी-जास्त चालेल ते सांगणारं टॉलरन्स नव्हतं.

लेथवर नवीन लागलेल्या पोराने विचारलं, "दादा, याले टॉलरन्सच नाही देलं. मंग किती सोडू?"

यावर दोन उत्तरं नेहमी ऐकू येतात. "काही लिहिलं नाही म्हणजे चालतं कसंही" हे एक, आणि "लिहिलं नाही म्हणजे बरोबर तेवढंच पाहिजे" हे दुसरं. दोन्ही चूक आहेत. कसंही चालत नाही, आणि अगदी बरोबर ३८० मिमी जगातल्या कुठल्याच लेथवर निघत नाही. उत्तर ड्रॉइंगच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत, म्हणजे टायटल ब्लॉकमध्ये किंवा त्याच्या शेजारी असतं. आमच्या फोटोत नेमका तोच कोपरा कापला गेला होता. मी पूर्ण कागदाचा फोटो मागवला, तेव्हा त्यात एक ओळ सापडली:

```
ISO 2768-m
```

आयएसओ २७६८ च्या पहिल्या भागात, १९८९ च्या आवृत्तीत, एक तक्ता आहे. आपल्याकडे तोच आयएस २१०२ भाग १ या नावाने आहे, त्यामुळे जुन्या भारतीय ड्रॉइंगवर तो आकडा दिसला तर गोंधळू नये. तक्त्यात चार वर्ग आहेत: एफ बारीक, एम मध्यम, सी ढोबळ आणि व्ही फारच ढोबळ. ओळीच्या शेवटचं अक्षर वर्ग सांगतं. त्या वर्गात किती मुभा मिळेल, हे मापाच्या आकारावर ठरतं. मोठ्या मापाला जास्त मुभा असते, कारण लांब नग कापताना आणि मोजतानाही जास्त चुकतो.

एम वर्गात ०.५ पासून ६ मिमीपर्यंत ±०.१ चालतं. ६ च्या वर ३० पर्यंत ±०.२, ३० च्या वर १२० पर्यंत ±०.३, १२० च्या वर ४०० पर्यंत ±०.५ आणि ४०० च्या वर १००० पर्यंत ±०.८. यातला "च्या वर" आणि "पर्यंत" हा भेद नीट पाहावा. ४०० हे माप खालच्या गटात मोडतं, त्याला ±०.५ मिळतं. ४०१ ला ±०.८.

आता आमचा शाफ्ट वाचू. डावं टोक २० आहे, म्हणजे १९.८ ते २०.२. खांद्यांमधलं अंतर ३७९.५ ते ३८०.५. एकूण लांबी ४१९.२ ते ४२०.८. मधला ४० चा व्यास ३९.७ ते ४०.३. बेअरिंगच्या बैठकांना मात्र हा तक्ता लागत नाही, कारण त्यांच्यापुढे स्वतःचं k6 आहे: ३० वर ०.००२ ते ०.०१५ जास्त. मापापुढे लिहिलेलं टॉलरन्स नेहमी टायटल ब्लॉकमधल्यापेक्षा वरचढ. टोकांच्या १ मिमी चॅम्फरला, म्हणजे तिरप्या कापलेल्या कडेलाही हा तक्ता नाही, त्याच्यासाठी त्याच मानकात वेगळा तक्ता आहे आणि तिथे ±०.२ चालतं. मी स्वतः बरीच वर्षं तिथे ±०.१ धरून उगाच वेळ घालवला.

पोराने तिन्ही लांब्या या हद्दीत आणल्या. डावं टोक २०.१, मधला भाग ३८०.४, एकूण ४१९.३. व्हर्नियरवर एकही लांबी बाहेर नव्हती, आणि तरी शाफ्ट कामाचा निघाला नाही.

खोट होती उजव्या टोकात. त्याचं माप ड्रॉइंगवर दिलेलंच नव्हतं. पाहणारा म्हणतो, डावं २०, तर उजवंही २०, आणि त्यालाही ±०.२. पण टायटल ब्लॉकची ओळ लिहिलेल्या मापांनाच लागू होते. न लिहिलेलं माप बाकीच्यांच्या वजाबाकीतून निघतं, आणि वजाबाकी केली की सगळ्यांच्या मुभा एकमेकींत मिळतात. ०.८, ०.२ आणि ०.५ मिळून १.५ झाले. म्हणजे ड्रॉइंगप्रमाणे उजवं टोक १८.५ ते २१.५ यांपैकी काहीही असू शकत होतं. आमचं १८.८ निघालं.

त्या टोकावर ६२०६ बेअरिंग बसतं, त्याची रुंदी १६ मिमी. पुढे लॉक, म्हणजे सर्क्लिप, आणि तिची खाच १.६ मिमी. १८.८ मधून १६ आणि १.६ गेले की खाचेपलीकडे १.२ मिमीची कड उरते. ३० च्या शाफ्टला ती २ मिमीपेक्षा थोडी जास्त हवी. एवढी पातळ कड बेअरिंगचा बाजूचा रेटा आला की तुटते, आणि लॉक निघून बेअरिंग सरकतं. २० चं टोक असतं तर २.४ उरले असते.

चूक पोराची नव्हती, हे मी त्याला तिथल्या तिथे सांगितलं. त्याने कागद पाळला होता. कागदावर लांबीची साखळी चुकीच्या जागी मोकळी सोडली होती.

दुसरी गोष्ट ही की, नुसत्या एम अक्षरात फक्त मापं येतात. दोन्ही बैठका एका रेषेत आहेत की नाही, याबद्दल ते काही बोलत नाही. दोन्ही व्यास बरोबर असूनही शाफ्ट वाकडा फिरू शकतो. त्यासाठी जुन्या ड्रॉइंगवर दुसरं मोठं अक्षर असतं, जसं ISO 2768-mK, आणि त्यातल्या के वर्गात फिरताना दिसणारा थरथराट, म्हणजे रनआउट, ०.२ मिमीपर्यंत चालतो. त्या दुसऱ्या भागाची जागा २०२१ मध्ये आयएसओ २२०८१ ने घेतली, पण जिनिंगच्या कपाटातली ड्रॉइंग्ज अजून जुनीच आहेत. बेअरिंगच्या बैठकांना ०.२ पुष्कळ जास्त, म्हणून मी तिथे वेगळं लिहून घेतो.

काही ड्रॉइंगवर मानकाचं नाव नसतं, तर दशांशचिन्हापुढच्या आकड्यांवरून मुभा दिलेली असते. तिथे ४० आणि ४०.० यांचा अर्थ वेगळा होतो, आयएसओच्या ओळीत तो एकच असतो. म्हणून ओळ वाचल्याशिवाय शून्याला अर्थ देऊ नये. ओळच नसेल तर अंदाजाने एम धरू नये, विचारावं.

त्याच शाफ्टचा मधला व्यास एका जागी ३९.६ उतरला होता, हद्दीच्या ०.१ बाहेर. मानकात यावर एक कलम आहे. सर्वसाधारण टॉलरन्सच्या बाहेर गेलेला नग, वेगळं काही सांगितलेलं नसेल तर, आपोआप बाद करायचा नाही, तो कामात अडत असेल तरच बाद. ४० चा भाग हवेत फिरतो, त्याच्यावर काही बसत नाही. मी जिनिंगच्या इंजिनिअरला आकडा सांगितला आणि त्याने होकार दिला. हा निर्णय लेथवाल्याने स्वतः घ्यायचा नसतो, कारण नग पुढे कुठे लागणार हे त्याला नेहमी ठाऊक नसतं.

टोकाचं दुखणं मात्र होकाराने मिटणारं नव्हतं. इंजिनिअरने ड्रॉइंग सुधारलं: उजव्या टोकालाही २० लिहिलं आणि एकूण ४२० कंसात टाकलं. कंसातलं माप फक्त माहितीसाठी असतं, त्याला टायटल ब्लॉकची मुभा लागत नाही. आता तीन मुभांची बेरीज एकूण लांबीत जाते, ±०.९, आणि शाफ्टची टोकं तर बेअरिंगबाहेर मोकळीच असतात.

दुसरा शाफ्ट पोरानेच काढला. २०.१, ३८०.४, २०.१. एकूण लांबी त्याने मोजलीच नाही. मी मोजली, ४२०.५ भरली, ०.१ चा फरक माझ्या पट्टीचा. संध्याकाळी तो शाफ्ट दोन्ही लॉक लावून टेम्पोत चढला.