भाड्याचा यील्ड: ग्रॉस, नेट आणि होम लोनच्या व्याजाशी तुलना

फ्लॅट विकत घेऊन भाड्याने दिला तर घातलेल्या पैशावर वर्षाला किती टक्के भाडं परत येतं, त्या टक्केवारीला रेंटल यील्ड म्हणतात. ग्रॉस यील्ड म्हणजे वर्षाचं भाडं भागिले फ्लॅटची किंमत. नेट यील्डमध्ये वर्षाच्या भाड्यातून मालकाच्या खिशातून जाणारे सगळे खर्च वजा करायचे आणि खाली फ्लॅट खरंच ताब्यात घेऊन भाड्याला लावेपर्यंत गेलेला सगळा पैसा धरायचा. एजंट सांगतो तो आकडा जवळपास नेहमी ग्रॉस असतो, आणि लोन काढून गुंतवणूक म्हणून घर घेणाऱ्याचा निर्णय मात्र नेटवर व्हायला हवा, कारण बँकेचं व्याज पूर्णच भरावं लागतं, त्यात ग्रॉस-नेट असं काही नसतं.

ठाण्यात घोडबंदर रोडवर, समजा कासारवडवलीच्या बाजूला, एक रिसेलचा टू बीएचके १ कोटी १० लाखाला मिळतोय आणि महिना ३०,००० भाडं येईल असं धरू. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, पण हिशोबाची पद्धत वाशीला, खारघरला, कुठेही तीच. वर्षाचं भाडं ३,६०,०००, भागिले १,१०,००,०००, म्हणजे ग्रॉस यील्ड ३.२७ टक्के.

आता खालचा आकडा नीट करू. ठाणे आणि नवी मुंबईत खरेदीवर स्टॅम्प ड्युटी ७ टक्के लागते, त्यात मेट्रोचा १ टक्का अधिभारही आलाच (घर बाईच्या नावावर असेल तर १ टक्का सूट आहे), आणि ती अॅग्रीमेंटची किंमत किंवा सरकारने त्या भागासाठी ठरवलेली रेडी रेकनर किंमत यातली जी जास्त असेल तिच्यावर लागते. इथे ती ७,७०,००० झाली. रजिस्ट्रेशन ३०,०००, कारण ३० लाखाच्या वरच्या घराला तेवढीच कमाल फी आहे. खरेदीची ब्रोकरेज १ टक्का धरली तर १,१०,०००. सोसायटीचा ट्रान्सफर प्रीमियम महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० घेता येतो, तो कोणी भरायचा हे बोलून ठरतं, इथे आपण घेणाऱ्याच्या माथी धरलाय. मग रंग, किचन ट्रॉल्या, कपाटं, गीझर, पंखे, ग्रिल, ज्याशिवाय चांगला भाडेकरू येतच नाही, त्याचे ३,६५,००० धरले. हे सगळे मिळून १३ लाख, म्हणजे फ्लॅट खरा १ कोटी २३ लाखाला पडला. हे १३ लाख ग्रॉसच्या हिशोबात कुठेच दिसत नाहीत.

वरच्या आकड्यातूनही बरंच गळतं. लीव्ह अँड लायसन्समध्ये आपल्याकडे सोसायटीचं मेंटेनन्स बहुतेक वेळा मालकच भरतो, महिना ४,००० म्हणजे वर्षाला ४८,०००, आणि घोडबंदर पट्ट्यात ज्या सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर चालतात तिथे हा आकडा वाढतो, म्हणून घेण्याआधी मागच्या वर्षभराची बिलं बघायची, एका महिन्याच्या बिलावर जायचं नाही. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी नॉन ऑक्युपन्सी चार्ज लावते, पण तो सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, आणि हा १० टक्के पूर्ण मेंटेनन्स बिलावर नसतो, पालिकेचा टॅक्स त्यात धरत नाहीत. सर्व्हिस चार्ज २,५०० असेल तर महिना २५०, वर्षाला ३,०००. कुठलीही सोसायटी भाडेकरू ठेवलाय म्हणून महिना दोन-तीन हजार जास्त मागत असेल तर तिला हा नियम दाखवायचा. प्रॉपर्टी टॅक्स ९,०००. किरकोळ दुरुस्ती आणि दर तीन-चार वर्षांनी येणारा रंग याचे सरासरी १५,०००.

उरलेले तीन खर्च एकमेकांना चिकटलेले आहेत, आणि लोक नेमके हेच विसरतात. अॅग्रीमेंट ११ महिन्यांचं असतं, भाडेकरू साधारण दोन वर्षं टिकला असं धरलं तर दर दोन वर्षांनी एक महिना फ्लॅट रिकामा जातो आणि नवीन भाडेकरू आणताना एका महिन्याचं भाडं एजंटला जातं. म्हणजे वर्षाला रिकाम्या दिवसांचे १५,००० आणि ब्रोकरेजचे १५,०००. अॅग्रीमेंट रजिस्टर करायची जबाबदारी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे मालकाची आहे, स्टॅम्प, फी आणि एजंटचा आकार मिळून वर्षाला ३,००० धरू. वर्षभरात भाडेकरू बदलत राहिला तर हेच आकडे दुप्पट होतात, आणि म्हणून हजार-पाचशे भाडं वाढवायच्या नादात नीट राहणारा, वेळेवर पैसे देणारा भाडेकरू घालवणं यील्डच्या दृष्टीने तोट्याचं पडतं: ३०,००० भाड्यात महिना १,००० वाढवून वर्षाला १२,००० मिळतात आणि एका बदलीत ६०,००० जातात.

सगळे खर्च मिळून १,०८,०००. हातात राहिले २,५२,०००. भागिले १,२३,००,०००, म्हणजे नेट यील्ड २.०५ टक्के. ग्रॉस ३.२७ होता. डिपॉझिट १ लाख घेऊन एफडीत टाकलं तर त्याचं व्याज वर्षाला सहा-साडेसहा हजार मिळेल, ते हवं तर मिळवा, फरक फार पडत नाही. पण हेवी डिपॉझिटचा सौदा असेल, म्हणजे मोठी रक्कम घेऊन भाडं अगदी नावाला, तर त्या रकमेवर खरंच मिळणारं व्याज हेच भाडं समजून हिशोब करायचा.

आता लोन. ७५ लाखाच्या वरच्या होम लोनला रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँक घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देते, आणि स्टॅम्प ड्युटी-रजिस्ट्रेशन त्या किमतीत धरत नाही. म्हणजे लोन ८२,५०,००० आणि स्वतःचे ४०,५०,०००. व्याज ८.५ टक्के, मुदत २० वर्षं धरली तर ईएमआय साधारण ७१,६०० येतो. पहिल्या वर्षी त्यातले सुमारे ६ लाख ९५ हजार व्याजात जातात आणि फक्त १ लाख ६४ हजार मुद्दल फिटतं. भाड्याचे निव्वळ २,५२,०००. तर ईएमआय भरायला पगारातून दर महिन्याला सुमारे ५०,६०० घालावे लागतील. ‘भाड्यातून हप्ता निघतो’ हे वाक्य या पट्ट्यात इतक्यांदा कानावर येतं म्हणून हा आकडा मुद्दाम सांगतोय, निम्मा सोडाच, हप्त्याचा एक तृतीयांशसुद्धा निघत नाही.

उलट बाजूने बघितलं की दरी जास्त स्पष्ट दिसते. नेट यील्ड ८.५ टक्के व्हायला याच फ्लॅटचं भाडं महिना १,०२,००० च्या आसपास हवं, कारण रिकामे दिवस आणि ब्रोकरेजही भाड्याबरोबर वाढतात. किंवा ३०,००० भाडं ठेवून तेवढा यील्ड हवा असेल तर फ्लॅट सगळ्या खर्चासकट ३० लाखाच्या आत मिळायला हवा. व्याज ७.५ टक्के झालं तरी पहिल्या वर्षाचं व्याज ६ लाख १२ हजार राहतं, म्हणजे दर कमी व्हायची वाट बघून हा हिशोब जुळत नाही.

हो, भाडं वाढतं आणि ईएमआय साधारण तसाच राहतो हे खरं आहे, ते हिशोबात घ्यायलाच हवं. निव्वळ भाडं दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढत गेलं तर साधारण बाराव्या वर्षी ते त्या वर्षाच्या व्याजाच्या पुढे जातं. पूर्ण ईएमआयला मात्र ते २० वर्षांत गाठत नाही. म्हणजे वीसही वर्षं दर महिन्याला वरून पैसे घालावे लागतात, आणि ती तयारी नोकरी, मुलांची फी, आजारपण या सगळ्यातून टिकेल का, हे आधी घरात बसून बोलायला हवं.

टॅक्समुळे थोडी मदत होते. भाड्यातून पालिकेचा टॅक्स वजा करून उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते (मेंटेनन्स, ब्रोकरेज वेगळं मागता येत नाही, ते याच ३० टक्क्यांत आलं), मग लोनचं व्याज वजा होतं. आपल्या उदाहरणात त्यानंतर उत्पन्न उणे होतं, म्हणजे भाड्यावर टॅक्स नाही. जुन्या पद्धतीत हा तोटा पगारातून वर्षाला २ लाखापर्यंत वळता करता येतो, ३० टक्के स्लॅबवाल्याचे साधारण ६२,००० वाचतात. नवीन पद्धतीत पगारातून वळता करता येत नाही. ६२,००० धरले तरी महिन्याची ओढ पाच हजारांनी कमी होते, बस.

मग लोक घेतात कशाच्या जोरावर, तर किंमत वाढेल म्हणून, आणि तेही आकड्यात मांडता येतं. पहिल्या वर्षी व्याजातून निव्वळ भाडं वजा केलं तर ४ लाख ४३ हजारांची तूट आहे. स्वतःचे ४०.५ लाख ६.५ टक्क्यांच्या एफडीत असते तर २ लाख ६३ हजार मिळाले असते, तेही सोडले. एकूण ७ लाख ६ हजार. १ कोटी १० लाखावर हे ६.४ टक्के झाले. म्हणजे टॅक्सचा विचार न करता फ्लॅट वर्षाला निदान तेवढा वाढला तर आपण फक्त एफडीच्या बरोबरीला येतो, आणि सुरुवातीचे १३ लाख भरून निघायचे ते वेगळेच.

हा ६.४ टक्के मिळेल का हे त्या भागात आधीच काय किंमतीत मुरलंय त्यावर आहे. घोडबंदरला वडाळा-कासारवडवली मेट्रो ४ च्या नावावर आणि उलवे-पनवेलला विमानतळाच्या नावावर किमती कित्येक वर्षं आधीपासून चढल्या. विकत घेणारा उद्याच्या स्टेशनचे पैसे आज देतो, भाडेकरू मात्र आज स्टेशनला जायला रिक्षा आणि ट्रॅफिकमध्ये किती वेळ जातो तेवढ्याचेच देतो, म्हणून अशा भागात यील्ड सगळ्यात कमी दिसतो. नेरूळ-वाशीसारख्या, रेल्वे आधीच असलेल्या जागी भाडं चांगलं वाटतं पण किंमतही त्याच हिशोबात असते, शिवाय सिडकोच्या लीजवरचं घर असेल तर ट्रान्सफर चार्जेस किती आणि कोणाकडे ते सौद्याआधी लेखी विचारून घ्यायचं आणि खालच्या आकड्यात मिळवायचं.

भाड्याचा आकडा पोर्टलवरच्या जाहिरातीतून घेतला तर तो मागितलेला असतो, ठरलेला नाही. त्याच सोसायटीत नुकत्याच रजिस्टर झालेल्या अॅग्रीमेंटची इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा सरकारी उतारा, बघितली तर महिन्याचं भाडं आणि डिपॉझिट दोन्ही लिहिलेलं मिळतं, सेक्रेटरीला आणि वॉचमनला विचारलं तर किती फ्लॅट किती महिने रिकामे आहेत तेही कळतं. भाडं ३०,००० ऐवजी २७,००० निघालं तर वरच्या उदाहरणात रिकामे दिवस आणि ब्रोकरेज थोडे कमी होऊनही नेट यील्ड १.७८ टक्क्यांवर येतो.