शोकप्रसंगी नियोजित जाहिरात-पोस्ट थांबवणे (वस्त्रव्यवसाय)

सार्वजनिक दुःखाची घटना घडल्यावर कपड्यांच्या ब्रँडने आधी वेळ लावून ठेवलेल्या पोस्ट रोखणे आणि त्यांचा मजकूर बदलणे, अशी ही कार्यपद्धती आहे. सणासुदीच्या पोस्ट आठवडा-आठवडा आधी लावलेल्या असतात. कोणी हात लावला नाही, तर त्या ठरल्या वेळी आपोआप जातात.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी रात्री उशिरा मुंबईत रतन टाटा यांचे निधन झाले. नवरात्र चालू होते आणि दसरा १२ तारखेला होता. महाराष्ट्र शासनाने १० तारखेला एक दिवसाचा दुखवटा जाहीर केला. अशा वेळी नवरात्राच्या रंगांच्या साड्या विकणाऱ्या ब्रँडची सकाळी नऊची पोस्ट तयारच असणार. ती थांबवायला हातात फक्त रात्र उरते, म्हणून लॉगिन एकाच माणसाकडे असणे धोक्याचे.

आधी बातमीची खातरजमा करावी लागते. टाटांच्या प्रकृतीबद्दल ७ तारखेलाच अफवा उठल्या होत्या आणि त्यांनी स्वतः त्यांचे खंडन केले होते. ९ तारखेला समूहाचे अधिकृत निवेदन आल्यावरच निधनाची खात्री धरता येत होती. त्यानंतर फेसबुक-इन्स्टाग्रामच्या पोस्ट जिथून लावल्या जातात त्या Meta Business Suite मधल्या नियोजित पोस्ट मसुद्यात हलवायच्या. चूक होते ती नेमकी यापुढे: पोस्ट थांबली तरी पैसे भरून चालवलेली जाहिरात थांबत नाही, ती Ads Manager मधून वेगळी बंद करावी लागते. व्हॉट्सॲपचे घाऊक संदेश, ईमेल आणि इन्फ्लुएन्सरने स्वतःच्या खात्यावर लावलेले रील यांचीही वेगवेगळी दखल घ्यावी लागते. ऑर्डर कुठवर पोहोचली, दुकान बंद आहे का, असे संदेश मात्र चालू ठेवावेत. ग्राहकाला ते हवेच असतात.

दसऱ्याची सवलत कायमची रद्द करण्याचे कारण नसते, कारण माल भरलेला असतो आणि ग्राहकही वाट पाहत असतात. उदाहरणार्थ, ‘दसरा धमाका! जल्लोषाला तयार?’ हा मजकूर दुखवटा संपल्यावर ‘दसऱ्याच्या शुभेच्छा. पैठणीवरील सवलत रविवारपर्यंत’ असा करता येतो. नाचाचे रील काढून साडीचे साधे छायाचित्र लावावे. श्रद्धांजली वाहायचीच असेल, तर तीत साडी, किंमत किंवा सवलतीचा कोड असू नये. तसे जमत नसेल, तर गप्प राहणे अधिक सभ्य.

ट्रेंड पाहून घाईने लिहिलेल्या पोस्टमुळेही असाच घात होतो. जुलै २०१२ मध्ये अमेरिकेतील ऑरोरा शहरात चित्रपटगृहात गोळीबार झाला, तेव्हा सेलेब बुटीक या ब्रिटिश ब्रँडने तो शब्द ट्रेंडमध्ये पाहून आपल्या ‘ऑरोरा’ ड्रेसची जाहिरात ट्विटरवर केली. ट्रेंड कशामुळे आहे, हे पाहिलेच नव्हते, असे सांगून नंतर त्यांना माफी मागावी लागली.

पुन्हा सुरू करताना सगळ्या पोस्ट एकदम सोडू नयेत. अडवलेल्यांपैकी दिवस उलटून गेलेल्या रंगांच्या पोस्ट काढून टाकाव्यात आणि उरलेल्या एकेक वाचून त्यांना नवी वेळ द्यावी.