जर्मन रिंगचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट: ऑडिटआधी काय तपासायचं

शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपचं उदाहरण घेऊ. बोअर गेज सेट करण्यासाठी वापरायची ५० मिमीची सेटिंग रिंग जर्मनीहून आली. सोबतच्या सर्टिफिकेटवर `50,0013 mm`, `U = 0,8 µm`, `k = 2`. जर्मन लिखाणात स्वल्पविराम म्हणजे दशांश चिन्ह, हजारांची खूण नव्हे. एक्सेलमध्ये आकडा चढवताना हमखास घोळ होतो तो इथंच.

सर्टिफिकेट ग्राह्य धरायचं का, हे आधी बघा. त्यावर जर्मनीच्या डाक्स या मान्यता संस्थेचं चिन्ह आणि लॅबचा नंबर हवा. डाक्स आणि आपली एनएबीएल दोघीही लॅब-मान्यतेच्या आंतरराष्ट्रीय परस्पर मान्यता करारात आहेत, म्हणून तो कागद इथं चालतो. मथळ्यात ‘वेर्क्स’ असेल तर ते कंपनीचं स्वतःचं सर्टिफिकेट. आयएटीएफ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाच्या ऑडिटरला ते सहसा पुरत नाही.

आता ट्रेसेबिलिटी. रिंगचं माप लॅबच्या मास्टरशी, तो मास्टर ब्राउनश्वाइगच्या पीटीबी या राष्ट्रीय संस्थेशी, अशी न तुटलेली साखळी म्हणजे ट्रेसेबिलिटी. प्रत्येक कडीची अनिश्चितता माहीत असावी लागते. म्हणून नुसतं ‘पीटीबीशी ट्रेसेबल’ छापलंय आणि अनिश्चितता, म्हणजे `U`, कुठंच नाही, तर तो कागद परत पाठवा.

`U` म्हणजे रिंगची चूक नव्हे, हे आमच्याकडं वारंवार सांगावं लागतं. चूक आहे १.३ मायक्रॉन: रिंग ५० पेक्षा तेवढी मोठी. ०.८ ही त्या मोजमापाबद्दलची शंका. खरं माप ५०.०००५ ते ५०.००२१ च्या दरम्यान असण्याची शक्यता सुमारे ९५ टक्के, आणि `k = 2` त्या ९५ टक्क्यांसाठीच.

समजा तुमच्या रिंगची मर्यादा ±२ मायक्रॉन. १.३ आत बसतं, पण १.३ अधिक ०.८ म्हणजे २.१. पास की नापास? ते ठरतं निर्णय-नियमावर, म्हणजे पास-नापास ठरवताना अनिश्चितता कशी धरायची या नियमावर. अनिश्चितता न धरता लॅबनं ‘पास’ लिहिलेलं असू शकतं. नियम कोणता वापरला, ते सर्टिफिकेटवर शोधा. पुढच्या ऑर्डरमध्ये तो आधीच लिहून द्या.

रिंग ठेवून घेतलीत तर बोअर गेज ५०.००० वर नव्हे, ५०.००१३ वर सेट करा. नाहीतर ५०.०२६ चं बोअर गेजवर ५०.०२४७ दिसेल आणि एच७ च्या ५०.०२५ मर्यादेत असल्यासारखं निसटून जाईल.

फाइलला तीन कागद लावा: सर्टिफिकेट, कॅलिब्रेशनच्या तारखेला चालू असलेला लॅबचा मान्यता-स्कोप (रिंगचा व्यास त्यात हवा), आणि वरचा हिशेब तुमच्या सहीनं. पुढची तारीख सर्टिफिकेटवर बहुधा नसते. ती तुम्हीच ठरवायची.