हाक 'मारतात', 'करत' का नाहीत?

इंग्रजीच्या स्वाध्यायात हा प्रश्न हमखास असतो. डावीकडे 'मेक' आणि 'डू', उजवीकडे 'मिस्टेक', 'होमवर्क', 'नॉइज', 'डॅमेज', जोड्या लावा. मराठी मूल इथे अडखळते, कारण त्याच्याकडे दोन्हींसाठी एकच क्रियापद आहे. चूकही करायची आणि गृहपाठही करायचा. त्यामुळे 'डू अ मिस्टेक' लिहिताना त्याला काहीच खटकत नाही.

वर्गात नियम सांगतात: काही नवे घडवले तर 'मेक', नुसते काम उरकले तर 'डू'. केकला तो चालतो. पण सकाळी उठून चादर नीटनेटकी करणे म्हणजे 'मेक द बेड', आणि तिथे पलंग कुणी घडवत नाही. नुकसान मात्र नव्याने होऊनही 'डू डॅमेज'च.

आपल्याकडे तरी नियम कुठे आहे? हाक मारतो, उडी मारतो, गप्पा मारतो, मिठी मारतो. यात मार कुणालाच बसत नाही. नव्याने मराठी शिकणारा 'मी तुला हाक केली' म्हणाला तर अर्थ कळतो, व्याकरणही चुकलेले नसते, तरी कानाला ते लागतेच. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी 1957 मध्ये म्हटले होते की शब्द ओळखावा तो त्याच्या संगतीवरून.

ही संगत मोजता येते. समजा, दहा लाख शब्दांच्या मजकुरात 'हाक' 100 वेळा आणि 'मारणे'ची रूपे 1000 वेळा आली. शब्द कसेही विखुरले असते, तर 'हाक'च्या लगेच पुढे 'मारणे' येण्याची अपेक्षा 0.1 वेळा, म्हणजे जवळपास शून्य. प्रत्यक्षात ती जोडी 40 वेळा सापडली, तर ती अपेक्षेच्या 400 पट झाली. आपला कान लहानपणापासून नकळत असाच हिशेब ठेवत असतो, असे मला वाटते. या मोजमापात एक खोट आहे. दोन दुर्मीळ शब्द योगायोगाने एकदाच शेजारी आले तरी आकडा प्रचंड फुगतो. म्हणून मोजक्याच वेळा दिसलेल्या जोड्या आधीच बाजूला काढतात.

आता पुन्हा त्या स्वाध्यायाकडे. फ्रँक बोअर्स आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये क्रियापद-नामाच्या जोड्यांचे स्वाध्याय तपासले. तुटक शब्द जुळवायला लावणाऱ्या प्रकारांतून फायदा थोडाच झाला, आणि काही विद्यार्थ्यांच्या डोक्यात चुकीचे पर्यायच बसले. ते साहजिक आहे. मुलाने आधी 'डू'पासून 'मिस्टेक'पर्यंत रेघ ओढली, मग ती खोडली. तरी ते दोन शब्द एकदा शेजारी बसून गेलेच.

त्यापेक्षा वाक्यात मोठी गाळलेली जागा ठेवावी आणि खाली 'मेक अ मिस्टेक', 'डू द होमवर्क' असे पूर्ण तुकडे द्यावेत. मूल अर्थ पाहून अख्खा तुकडा उचलते, आणि चुकीचा उचलला तरी जोडी मोडत नाही.